31 चे 28.50: बॉक्सवाल्या दादांना पाठवायचा मेसेज

प्रश्न: कोल्हापूरला आमचं कांदा-लसूण मसाल्याचं छोटं युनिट आहे. अर्ध्या किलोची 20 पाकिटं बसतील असा 5 प्लायचा बॉक्स शिरोली एमआयडीसीतल्या एका दादांकडून 4 वर्षं घेतोय. महिन्याला 2000 लागतात, दर आठवड्याला 500 येतात, टेंपो त्यांचाच. पेमेंट साधारण 45 दिवसांनी. रेट 28 होता, आता 31 केलाय. फोनवर म्हणाले, कागद किलोमागे 3 रुपयांनी वाढला. दुसऱ्या एकाने त्याच मापाचा बॉक्स 27 ला सांगितला, सॅम्पलही दिलं. वजन करून बघितलं तर आमचा 520 ग्रॅम भरतो, त्यांचा 435. दादा माणूस चांगला आहे, दिवाळीत ऐनवेळी रात्री 300 बॉक्स पाठवले होते, त्यामुळे संबंध बिघडवायचे नाहीत. पण 31 परवडत नाही. मी हा मेसेज लिहिलाय, पाठवला नाही. जरा नीट करून द्याल का?

"दादा, तुमचा रेट खूपच जास्त आहे. मार्केटमध्ये 27 ला मिळतोय. 4 वर्षं तुमच्याकडूनच घेतोय, थोडा तरी विचार करा ना. प्लीज काहीतरी कमी करा, नाहीतर नाइलाजाने दुसरीकडे बघावं लागेल. राग मानू नका."

उत्तर:

बरं झालं पाठवला नाहीत. आधी माझा मेसेज देतो, तो का असा लिहिला ते मग सांगतो.

> नमस्कार दादा,
>
> दिवाळीत ऐनवेळी रात्री 300 बॉक्स पाठवलेत, त्यामुळे आमची ऑर्डर वेळेत गेली. ते लक्षात आहे.
>
> 31 च्या नव्या रेटबद्दल लिहितेय. कागद किलोमागे 3 रुपयांनी वाढला असं तुम्ही म्हणालात, ते धरूनच हिशोब केला. आपला बॉक्स 520 ग्रॅमचा आहे. घट धरून एका बॉक्सला साधारण 550 ग्रॅम कागद लागत असेल, तर वाढ 1 रुपया 65 पैसे येते. म्हणजे 28 चे 29.65 होतात. 31 ने मला पुढची ऑर्डर देता येणार नाही.
>
> माझ्या बाजूने दोन गोष्टी करते. दर आठवड्याला 500 ऐवजी महिन्यातून दोनदा हजार-हजार बॉक्स उतरवून घेते, तुमच्या टेंपोच्या निम्म्या फेऱ्या वाचतील. आणि पेमेंट 45 दिवसांऐवजी माल उतरल्यापासून 7 दिवसांत करते.
>
> हे धरून पुढच्या 3 महिन्यांच्या 6000 बॉक्ससाठी 28.50 अधिक जीएसटी, पोहोच, असा रेट द्या. कागद, वजन, छपाई आत्ता आहे तशीच हवी.
>
> 1 तारखेचा माल याच रेटने धरायचा आहे, म्हणून गुरुवारपर्यंत कळवा. माझ्या हिशोबात काही राहिलं असेल तर सांगा, मी शुक्रवारी शिरोलीत येऊन बसते.

तुमच्या मेसेजात विनवणी आणि धमकी एकाच दमात आली आहे. "प्लीज" आणि "नाहीतर दुसरीकडे" ही दोन्ही एकत्र वाचली की समोरच्याला दोन्हीही खरी वाटत नाहीत. बॉक्सवाल्याला "दुसरीकडे स्वस्त मिळतोय" हे वाक्य दिवसातून अनेकदा ऐकावं लागतं, त्यावर त्याचं उत्तर तयार असतं. शिवाय तुम्ही आकडाच दिलेला नाही. "थोडा", "काहीतरी" असं म्हटलं की किती, ते तो ठरवतो, आणि तो 50 पैसे ठरवतो. "तुमच्यासाठी 30.50 करतो" असं उत्तर आलं की तुम्हाला पुढे बोलायला जागा उरत नाही, कारण तुम्ही मागितलेलं "काहीतरी" त्याने दिलेलं असतं.

"4 वर्षं तुमच्याकडूनच घेतोय" हे मी काढून दिवाळीची गोष्ट घातली, तीही मुद्दाम. पहिल्या वाक्यात तुमचे त्यांच्यावरचे उपकार मोजले जातात, दुसऱ्यात त्यांनी तुमच्यासाठी केलेलं. जवळीक दाखवायची तर घडलेली एक नेमकी गोष्ट पुरते. तिच्यापुढे लगेच "म्हणून रेट कमी करा" मात्र जोडायचं नाही. ती तिथेच थांबते, आणि रेटचं बोलणं नव्या ओळीत सुरू होतं.

आता 27 चं कोटेशन. ते मी मेसेजात घेतलंच नाही, कारण तुमच्याच वजनकाट्याने ते खोडून काढलंय. बॉक्सचा धंदा नगावर बोलला जातो, पण चालतो किलोवर. 31 ला 520 ग्रॅम म्हणजे किलोला साधारण 59 रुपये 60 पैसे. 27 ला 435 ग्रॅम म्हणजे किलोला 62 रुपये. दुसरा बॉक्स 13 टक्के स्वस्त दिसतो, पण 16 टक्के हलका आहे, म्हणजे कागदाच्या हिशोबाने तोच महाग. इतका फरक पडायला फार काही करावं लागत नाही. तुमच्या मापात पाचही थरांना 120 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 120 ग्रॅम वजनाचा, कागद वापरला तर वजन 520 च्या आसपास येतं, 100 जीएसएमचा वापरला की 435 च्या. हातात दोन्ही सारखेच लागतात. फरक कळतो तो 10 किलो माल भरून गाडीत सहा-सात थर रचल्यावर, तळच्या बॉक्सच्या कोपऱ्यांवर.

हा 27 चा आकडा दादांसमोर टाकला तर ते म्हणतील, "सॅम्पल पाठवा", आणि सॅम्पल हातात घेऊनच सांगतील की हा 100 चा कागद आहे. मग तुमचा बाकीचा खरा हिशोबही कच्चा ठरतो. खोटं कोटेशन तर चुकूनही सांगू नका. शिरोलीतले बॉक्सवाले एकमेकांना ओळखतात, कोणी काय रेट दिला हे त्यांना आपल्या आधी कळू शकतं.

पण दुसऱ्या पार्टीला सोडूनही देऊ नका. त्यांना सांगा, "520 ग्रॅमचा, 120 जीएसएमच्या कागदाचा, माझ्या दारात पोहोच, असा रेट द्या." सोबत कागदाचा बीएफ किती तेही विचारा. कागद फाटायच्या आधी किती दाब सोसतो त्याचं ते माप आहे. जास्त बीएफचा कागद थोडा हलका असूनही टिकतो, त्यामुळे वजन कमी म्हणजे बॉक्स वाईटच, असं दरवेळी नसतं. आणि छपाईचा ब्लॉक कोणाचा आहे ते आधीच्या बिलात बघून ठेवा. त्याचे पैसे तुम्ही दिले असतील तर तो तुमचा आहे. दिले नसतील तर नव्या माणसाकडे नवा ब्लॉक करावा लागेल, तो खर्च पहिल्या लॉटवर येतो. हे सगळं धरून दुसऱ्याचा आकडा 29.50 च्या आत आला, तरच तुमच्याकडे खरा पर्याय आहे. "31 ने ऑर्डर देता येणार नाही" हे वाक्य त्याच्या जोरावर लिहायचं. पर्याय नसताना लिहिलंत आणि दादा "बरं, ठीक आहे" म्हणाले, तर आठवडाभरात तुम्हालाच फोन करावा लागेल. म्हणून मेसेज पाठवण्याआधी हे कोटेशन हातात असू द्या. त्याचा उल्लेख करायची मात्र गरज नाही.

तुमच्याकडे खरा जोर आहे तो दादांच्याच बोलण्यात. कागद किलोमागे 3 रुपयांनी वाढला असं त्यांनी स्वतः सांगितलंय. ते खरं की खोटं यावर वाद घालू नका. ते मान्य करा आणि गुणाकार करा. 520 ग्रॅमच्या तयार बॉक्ससाठी कडा कापल्या जातात, काही शीट वाया जातात, मशीन लावताना थोडा कागद जातो. ती घट 5 टक्क्यांच्या आसपास धरली तर 550 ग्रॅम कागद पुरतो. गुणिले 3, म्हणजे 1 रुपया 65 पैसे. बॉक्सवर 3 रुपये वाढवायचे तर कागद किलोमागे साडेपाच रुपयांनी वाढायला हवा होता. उरलेले 1 रुपया 35 पैसे कशाचे, हा तुमचा प्रश्न आहे, आणि तो विचारताना आवाज चढवावा लागत नाही. आकडा मांडला की पुढचं उत्तर त्यांनाच द्यावं लागतं.

त्यांच्याकडे खरं उत्तर असूही शकतं. मजुरी वाढली असेल, लाइटबिल वाढलं असेल, चिकटवायचा स्टार्च महागला असेल. म्हणूनच शेवटी "माझ्या हिशोबात काही राहिलं असेल तर सांगा" असं घातलंय. मेसेजातला मऊपणा मी इथे ठेवलाय. हिशोब दुरुस्त करायला त्यांना दार उघडं आहे, पण "जमेल तसं बघा" म्हणून आकडा सोडून दिलेला नाही. हे वाक्य "प्लीज" पेक्षा जास्त आदराचं आहे, कारण त्यात त्यांचा धंदा त्यांना जास्त कळतो हे मान्य केलंय.

मग 29.65 वरून 28.50 वर कसे आलो? त्यासाठी तुम्ही काहीतरी देताय, आणि ते त्यांच्या खर्चातून खरोखर वजा होतं. टेंपोची एक फेरी 900 ला पडते असं धरू, तुमच्या अंतराचा खरा आकडा तुम्हाला माहीत असेल. 500 बॉक्सवर 900 म्हणजे बॉक्समागे 1 रुपया 80 पैसे. हजार बॉक्सवर तेच 90 पैसे होतात. हे 90 पैसे त्यांच्या खिशात राहतात. मात्र हजार घडी बॉक्स ठेवायला तुम्हाला साधारण 40-50 चौरस फूट कोरडी जागा लागेल, खाली लाकडी पॅलेट टाकून, भिंतीपासून वीतभर लांब. कोल्हापूरच्या पावसाळ्यात जमिनीवर रचलेला बॉक्स महिन्याभरात मऊ पडतो. जागा नसेल तर हे कबूल करू नका. कबूल करून पुन्हा "500 च पाठवा" म्हणालात तर रेटही पुन्हा बोलावा लागेल.

पेमेंटचं जरा सविस्तर सांगतो, कारण त्यांच्यासाठी ते टेंपोपेक्षाही मोलाचं असू शकतं. 45 दिवसांचे 7 दिवस केलेत की 38 दिवस आधी पैसे हातात येतात. वर्षाला 12 टक्के व्याज धरलं तर 31 रुपयांवर साधारण 39 पैसे. टेंपोचे 90 आणि हे 39 मिळून 1 रुपया 29 पैसे होतात. 29.65 मधून वजा केले की 28.36 उरतात. 28.50 हा आकडा असा आला आहे, हवेतून काढलेला नाही. दादांनी कागद-पेन घेतलं तर त्यांनाही तो तिथेच सापडेल.

कागदावर 39 पैसे दिसत असले तरी सध्या बॉक्सवाल्याला रोख पैशाची ओढ त्याहून जास्त आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून कोरोगेटेड बॉक्सवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, पण क्राफ्ट कागदावरचा 12 वरून 18 वर गेला. म्हणजे दादा कागद घेताना 18 टक्के भरतात आणि तुमच्याकडून 5 च टक्के घेतात. मधला फरक क्रेडिटमध्ये पडून राहतो आणि रिफंडचा अर्ज करून मिळवावा लागतो. तोवर तो त्यांच्या खेळत्या भांडवलातून गेलेला असतो. अशा माणसाला 7 दिवसांत मिळणारं पेमेंट नुसत्या व्याजापेक्षा मोठं वाटतं. यातच आणखी एक गोष्ट कळते: "जीएसटी कमी झाला ना, मग रेट कमी करा" असं अजिबात लिहू नका. तुमचा रेट करापूर्वीचा आहे. कर कमी झाल्याने त्यांच्या हातात जास्त काही उरलेलं नाही, झाली तर अडचणच झाली आहे. तुम्ही नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरत असाल तर बॉक्सवरचा कर तुम्हाला क्रेडिट मिळतो, म्हणून दोन कोटेशनची तुलनाही करापूर्वीच्या आकड्यावरच करा. कंपोझिशन योजनेत असाल, म्हणजे क्रेडिट मिळत नसेल, तर मात्र तो 5 टक्के तुमचा खर्चच आहे, तो धरा.

आणि 7 दिवसच का, 15 का नाही? दादांचं उद्यम रजिस्ट्रेशन सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल, तर 2006 च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करार नसताना पेमेंट 15 दिवसांत द्यायचं असतं, आणि करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे नेता येत नाही. तुमचे 45 दिवस तोंडी ठरलेले दिसतात. मग "15 दिवसांत देते" हे सवलत म्हणून मांडणं बरं दिसत नाही, ते तुम्ही कायद्यानेच देणं लागता. 7 दिवस ही खरी सवलत आहे. पण कबूल करण्याआधी स्वतःची रोकड बघा. महिन्याला साठ हजाराच्या आसपासचं बिल तुम्ही आत्ता दीड महिना वापरताय. ते पहिल्या महिन्यात एकदम आवळलं जाईल: जुनी बिलं त्यांच्या मुदतीप्रमाणे आणि नवी 7 दिवसांत, दोन्ही एकाच वेळी. तुमच्या दुकानदारांकडून वसुली महिन्याने येत असेल तर 7 ऐवजी 10 दिवस लिहा, पण लिहाल ते पाळा. मागची थकलेली बिलं रेटच्या बोलण्यात ओढू नका. "रेट कमी करा, मग जुनं देते" हे एकदा केलं की पुढच्या दिवाळीत रात्री बॉक्स येत नाहीत.

मेसेजात एकच आकडा आहे, 28.50. "28-29 पर्यंत" असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला 29 च दिसतात. तुमची थांबायची जागा मनात ठेवा. माझ्या मते ती 29 आहे, कारण मजुरी-लाइटला 50 पैसे दिले तरी तुमचा हिशोब बसतो. 29 हा आकडा मेसेजात कुठेही येऊ देऊ नका, फोनवरही लगेच नाही.

मेसेज आधी पाठवा, फोन दुसऱ्या दिवशी. आपल्याकडे आधी फोन करायची सवय असते, पण फोनवर हिशोब दिसत नाही. ते "बरं, 30 करा, जाऊ दे" म्हणतात आणि आपण भिडेखातर हो म्हणतो. मेसेज असला की ते तो मुलाला किंवा हिशोबनिसाला दाखवतात आणि बोलणं आकड्यांवर येतं. महिनाअखेरीच्या धावपळीत पाठवू नका, आणि तुमच्याकडे आठ-दहा दिवसांचा माल शिल्लक असताना पाठवा. दोन दिवसांचेच बॉक्स उरलेत हे दादांना त्यांच्याच टेंपोवाल्याकडून कळतं.

उत्तर बहुधा तीनपैकी एक येईल. ते म्हणाले "30 शेवटचे", तर लगेच 29 वर जाऊ नका, आधी आकड्याबद्दल विचारा:

> दादा, 30 म्हणजे कागदाच्या वाढीपेक्षाही 35 पैसे वर, आणि टेंपो-पेमेंटचा फायदा धरलेला नाही. त्यात मजुरी किती, लाइट किती, ते सांगता का? जे पटेल ते धरते.

त्यांनी मजुरीचे 40-50 पैसे दाखवले तर तिथे 29 म्हणा आणि थांबा. काहीच दाखवलं नाही तर 28.50 वर राहा. "तुम्हीच सांगा, शेवटचं किती देणार" असं आलं तर उत्तर तेच, त्याच शब्दांत: "28.50, 7 दिवसांत पेमेंट." दुसरा आकडा तुम्ही स्वतःहून उच्चारला की पहिला संपला. गुरुवार उलटला आणि काहीच आलं नाही, तर शुक्रवारी सकाळी एक ओळ पाठवा: "दादा, 1 तारखेचा माल आज ठरवायचा आहे, दुपारी येऊ का?" आणि खरंच जा. समोरासमोर चहा घेताना ठामपणे बोलणं सोपं जातं, आणि जाताना तुमचा बॉक्स सोबत न्या.

तिसरं उत्तर मला जास्त काळजीचं वाटतं: पाच मिनिटांत "ओके, 28.50 डन". अडीच रुपये कोणी असे सोडत नाही. दादा चांगले आहेत असं तुम्ही म्हणता, मीही ते मानतो. पण त्यांच्याकडे कागद लावणारा सुपरवायझर वेगळा असतो, आणि रेट खाली आला की बॉक्स हलका होणं हा या धंद्यातला नेहमीचा मार्ग आहे, कधी सांगून, कधी न सांगता. 520 चा 480 झाला तर 40 ग्रॅम गेले. 28.50 ला 520 म्हणजे किलोला 55 च्या आसपास, त्या हिशोबाने ते 2 रुपये 20 पैसे होतात. तुम्ही मिळवलेल्या अडीच रुपयांपैकी बहुतेक परत गेले, आणि तुम्हाला कळलंही नाही. म्हणूनच "कागद, वजन, छपाई आत्ता आहे तशीच" हे वाक्य रेटच्या लगेच पुढे ठेवलंय, आणि म्हणूनच होकार आल्यावर हा दुसरा मेसेज पाठवायचा:

> धन्यवाद दादा. ठरलं ते लिहून ठेवते: 5 प्लाय, 120 जीएसएम, बॉक्सचं वजन 520 ग्रॅम, 3 टक्के कमी-जास्त चालेल. 28.50 अधिक जीएसटी, पोहोच. महिन्यातून दोनदा हजार, पेमेंट 7 दिवसांत, 3 महिने. कागद किलोमागे 2 रुपयांपेक्षा जास्त वर गेला किंवा खाली आला, तर दर रुपयाला 55 पैसे या हिशोबाने रेट बदलू.

शेवटची ओळ दोघांच्याही कामाची आहे. कागदाचा भाव सारखा हलतो. 3 महिने काहीही झालं तरी रेट तोच, असं बांधलंत आणि कागद चढला, तर दादांना वजनात हात घालण्यावाचून मार्ग राहत नाही. 55 पैशांचा हिशोब आधीच ठरलेला असला की पुढच्या वेळी "3 रुपये वाढवले" असा फोन येणार नाही, आणि कागद उतरला तर तुम्हालाही मागता येईल.

पहिला लॉट आला की गठ्ठ्याच्या मधून दहा बॉक्स काढा, वरचे घेऊ नका. दहाही एकत्र काट्यावर ठेवा आणि दहाने भागा. 504 ते 536 मध्ये आलं तर ठरल्याप्रमाणे आहे. पावसाळ्यात बॉक्स ओल धरतो आणि वजन फुगतं, म्हणून आलेला माल एक दिवस कोरड्या खोलीत ठेवून मग तोला. शंका आली तर एका बॉक्सच्या सपाट बाजूचा 20 बाय 20 सेंटिमीटरचा चौकोन पट्टी लावून नीट कापा आणि मसाला तोलायच्या ग्रॅमच्या काट्यावर ठेवा. तुमच्या आत्ताच्या बॉक्सचा असा तुकडा 29 ग्रॅमच्या आसपास भरेल. 435 वाल्याचा 24 भरतो. आजच जुन्या मालातला एक चौकोन कापून, त्यावर तारीख घालून ठेवून द्या. वजन कमी आलं तर भांडायला जाऊ नका, दोन्ही तुकडे काट्यावर ठेवून फोटो पाठवा आणि लिहा:

> दादा, या लॉटचं वजन 480 येतंय, आपलं 520 ठरलंय. हा लॉट मी वापरते, पण 480 च्या हिशोबाने बिल 26.30 ने करा. पुढचा लॉट 520 चाच पाठवा.

28.50 भागिले 520 गुणिले 480, तेवढेच होतात. माल परत पाठवला तर तुमचंही पॅकिंग अडेल आणि टेंपोचं भाडं कोणी द्यायचं यावर वाद होईल. बिल कमी झालं की सुपरवायझरला कारखान्यातच विचारणा होते, आणि दुसऱ्या लॉटला सहसा वजन बरोबर येतं. दुसराही हलका आला, तर 520 ग्रॅमचं कोटेशन दिलेल्या त्या दुसऱ्या पार्टीला 500 ची छोटी ऑर्डर द्या, आणि ते दादांना स्वतःच सांगा.